पैसे बँकेत ‘जमा’ केले, मग बँक खाते ‘नावे’ कसे? द्विनोंदीच्या पहिल्या तासाचे प्रकरण

तालुक्याच्या गावातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी अकरावी वाणिज्यला पुस्तपालन शिकवते. रोजकीर्दीच्या पहिल्या चाचणीत एक व्यवहार मी दरवर्षी घालते: ‘बँकेत रोख ५,००० रुपये भरले.’ उत्तर दोन ओळींचं आहे. बँक खाते नावे, रोख खाते जमा. तरीही वह्यांच्या गठ्ठ्यात हे उत्तर उलटं लिहिलेलं पुन्हा पुन्हा सापडतं: बँक खाते जमा, रोख खाते नावे.

अशी चूक करणाऱ्या एका मुलीला मी टेबलापाशी बोलावलं.

“व्यक्तिगत खात्याचा नियम सांग.”

“लाभ घेणाऱ्याचे खाते नावे, लाभ देणाऱ्याचे खाते जमा.” एका श्वासात, एकही अक्षर न चुकता.

“इथे लाभ घेणारं कोण?”

“बँक.”

“मग बँक खातं कुठे जाईल?”

ती गप्प झाली. थोड्या वेळाने म्हणाली, “पण मॅडम, पैसे बँकेत जमाच केले ना?”

हे प्रकरण तिच्या या एका वाक्याचं आहे. नियम तिला पाठ होता, व्यवहारही कळला होता. पण नियम एका कप्प्यात होता आणि ‘जमा’ या शब्दाचा तिने लहानपणापासून ऐकलेला अर्थ दुसऱ्या कप्प्यात. मी शिकवलेल्या तासात या दोघांची गाठ कधी पडलीच नव्हती. म्हणून दोष कुठे राहिला ते शोधायला मी त्या धड्याच्या पहिल्या तासाकडे, त्यातही पहिल्या दहा मिनिटांकडे परत गेले. पुढच्या वर्षी ती दहा मिनिटं बदलली. दोन्ही वर्षी काय झालं ते इथे लिहिते.

पहिल्या वर्षी

माझी जुनी सुरुवात बहुतेक शिक्षकांची असते तीच होती. फळ्यावर ‘द्विनोंदी पद्धती’ असं शीर्षक लिहायचं आणि लुका पॅसिओलीची गोष्ट सांगायची. हा इटलीतला गणिती धर्मगुरू. १४९४ मध्ये व्हेनिसमध्ये त्याचा गणितावरचा ग्रंथ छापला गेला, त्यात एक भाग हिशेब ठेवण्याच्या पद्धतीवर होता. पद्धत त्याने शोधलेली नव्हती, व्हेनिसचे व्यापारी आधीपासून वापरत होते तीच त्याने नीट लिहून काढली. मुलं मन लावून ऐकत, कारण जहाजं, मसाले, व्यापारी हे सगळं रंगवून सांगता येतं. मग हेतुकथन: ‘आज आपण खात्यांचे प्रकार आणि नावे-जमा करण्याचे नियम पाहणार आहोत.’ मग व्यक्तिगत, संपत्ती आणि नामधारी अशी तीन प्रकारची खाती आणि त्यांचे तीन नियम. नियम मी सांगायची, मुलं लिहून घ्यायची, दुसऱ्या दिवशी म्हणून दाखवायची.

तास चांगला झाला असंच मला वाटायचं. वर्ग शांत, सगळ्यांचं लक्ष, विचारलेल्या प्रश्नांना उत्तरं. पाठ्यपुस्तकातली पहिली दहा उदाहरणंही बरोबर यायची. ‘रोखीने फर्निचर खरेदी केले’ या व्यवहारात ‘येणारी संपत्ती’ आणि ‘जाणारी संपत्ती’ डोळ्यांसमोर दिसते, त्यामुळे पाठ केलेला नियम तिथे चिकटतो. उदाहरण जरा सरकलं की तो निसटतो. ‘मालकाने दुकानातला ८०० रुपयांचा माल घरी नेला’ असं म्हटलं की मुलं त्यात रोख शोधू लागत. रोख सापडली नाही की कुठलं तरी एक खातं रोखच धरून टाकत.

ऑसुबेलचं पोलाद

डेव्हिड ऑसुबेल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचं नाव बी.एड. केलेल्या प्रत्येकाने ‘अग्रत संघटक प्रतिमान’ या शीर्षकाखाली वाचलेलं असतं. मीही वाचलं होतं, आणि खरं सांगायचं तर प्रतिमानाच्या पायऱ्या पाठ करूनच परीक्षा दिली होती. त्याचा १९६० चा मूळ प्रयोग काय होता ते नीट वाचलं तेव्हा मला माझाच तास समोर दिसला.

त्याने महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना पोलादाच्या गुणधर्मांवरचा एक लांब, अनोळखी उतारा वाचायला दिला. उताऱ्याआधी दोन गटांना दोन वेगळ्या प्रस्तावना दिल्या. एका गटाला लोखंड आणि पोलाद तयार करण्याच्या पद्धतींचा इतिहास मिळाला. दुसऱ्या गटाला शुद्ध धातू आणि मिश्रधातू यांच्यात सारखं काय, वेगळं काय, माणसं मिश्रधातू करतात तरी कशासाठी, याचं थोडक्यात आणि वरच्या पातळीवरचं विवेचन मिळालं. पुढे घेतलेल्या चाचणीत दुसरा गट पुढे राहिला. फरक फार मोठा नव्हता, पण होता.

माझा पॅसिओली म्हणजे त्या पहिल्या गटाला दिलेला इतिहास होता. तो रंजक आहे, खरा आहे, विषयाशी संबंधितही आहे. पण ‘लाभ घेणाऱ्याचे खाते नावे’ हे वाक्य डोक्यात शिरताना ज्याला टेकावं असं काही व्हेनिसची जहाजं देत नाहीत. हेतुकथनही देत नाही. ते पुढच्या मजकुराची यादी सांगतं, म्हणजे मजकुराच्याच पातळीवर राहतं. अग्रत संघटकाबद्दल ऑसुबेलचा आग्रह नेमका इथे होता. तो सारांश नव्हे, अनुक्रमणिका नव्हे, लक्ष वेधून घेणारी गोष्टही नव्हे. तो पुढच्या मजकुरापेक्षा अधिक व्यापक आणि अधिक अमूर्त असा विचार असतो, ज्याच्या पोटात पुढचे सगळे तपशील मावतील. आणि तो विचार ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक असलेल्या गोष्टींच्या भाषेत सांगावा लागतो. या दोन अटी एकत्र पाळणं कठीण आहे. वरचं आणि व्यापक बोलायला गेलं की भाषा अनोळखी होते, ओळखीचं बोलायला गेलं की नुसतं एक उदाहरण उरतं.

अर्थपूर्ण अध्ययन आणि घोकंपट्टी यांतला फरकही त्याच्या मांडणीत याच टेकण्यावर अवलंबून आहे. नवी गोष्ट आधीच्या एखाद्या कल्पनेला तिच्या आशयामुळे जोडली गेली तर ती अर्थपूर्ण. ती शब्दशः, सुटी, कशालाही न जोडता साठवली तर घोकंपट्टी. म्हणजे हा फरक शिकवण्याच्या पद्धतीवर ठरत नाही. व्याख्यान म्हणजे घोकंपट्टी आणि कृती म्हणजे अर्थपूर्ण अध्ययन, हे समीकरण आपल्याकडे शिक्षकांच्या खोलीत सर्रास ऐकू येतं. ऑसुबेलने ते स्पष्टपणे नाकारलं होतं. वर्गात खोटं दुकान मांडून मुलांकडून खरेदी-विक्री करून घेतली आणि प्रत्येक खरेदीला तोच नियम म्हणून घेतला, तर ती कृती करत करत केलेली घोकंपट्टीच होते. मी एक वर्ष तेही करून पाहिलं आहे. मुलांना मजा आली, पण बँकेचा व्यवहार तितकाच उलटा राहिला.

आधी काय आहे ते शोधणं

दुसऱ्या वर्षी धडा सुरू करण्याच्या आदल्या दिवशी मी मुलांना अर्ध्या कागदावर दोन प्रश्नांची उत्तरं लिहायला सांगितली, नाव न घालता. किराणा दुकानदाराला आपण ‘नावावर मांडा’ म्हणतो तेव्हा तो वहीत काय करतो? आणि पासबुकात ‘जमा’ असं दिसतं तेव्हा बँकेच्या दृष्टीने काय झालेलं असतं?

पहिल्या प्रश्नाची उत्तरं ऐटीत आली. आमच्या भागात उधारीची वही घरोघरी माहीत आहे. ‘आपण माल नेला, पैसे दिले नाहीत, म्हणून तो आपल्या नावापुढे रक्कम लिहितो, म्हणजे आपण त्याचे देणे लागतो.’ एकाने पुढे लिहिलं होतं, ‘पगार झाल्यावर बाबा पैसे देतात मग तो जमा लिहून घेतो.’ दुसऱ्या प्रश्नाला मात्र सगळ्यांचं उत्तर एकाच वळणाचं होतं: ‘आपले पैसे वाढले.’ बँकेच्या दृष्टीने काय झालं, याकडे जवळपास कुणी गेलंच नव्हतं. बँकेच्या बाजूलाही एक वही असते हेच त्यांच्या मनात नव्हतं.

चुकीचं मूळ इथे सापडलं. ‘जमा म्हणजे वाढलं’ ही कल्पना पक्की, जुनी आणि रोजच्या भाषेने पोसलेली. माझा नियम नवा आणि कशालाही न टेकलेला. अशा दोघांची टक्कर झाली की नवं जुन्यात विरघळून जातं, आणि मुलाला ते कळतही नाही. पण त्याच कागदांवर दुसरी एक कल्पनाही होती, उधारीच्या वहीची. ती तितकीच जुनी होती आणि हिशेबाच्या दृष्टीने बिनचूक होती. ‘नावे’ आणि ‘जमा’ हे दोन्ही शब्द त्या वहीत नेमक्या आपल्या अर्थाने नांदत होते. इतकी वर्षं मी तिला हात लावला नव्हता.

संघटक लिहिताना

पहिला मसुदा मी पुस्तकी थाटात लिहिला: मालमत्ता बरोबर देणी अधिक भांडवल. हे समीकरण व्यापक आहे यात शंका नाही, सगळी द्विनोंदी त्याच्या पोटात मावते. पण त्या दिवशी माझ्या मुलांना ‘देणी’ हा शब्द जेमतेम कळत होता आणि ‘भांडवल’ म्हणजे गल्ल्यातले पैसे असं वाटत होतं. जो संघटक समजून घ्यायलाच आधी दुसरा संघटक लागेल, त्याचा उपयोग नव्हता. तो फाडला.

दुसरा मसुदा उलट्या बाजूला घसरला. त्यात नुसती किराणा दुकानाची गोष्ट होती, खूप रंगवलेली. वाचून पाहिलं तेव्हा लक्षात आलं की हे एक छान उदाहरण आहे, पण त्यावरून यंत्राच्या घसाऱ्यापर्यंत कसं पोचायचं याचा धागा त्यात नाही.

तिसऱ्यात उधारीची वही आणि पासबुक शेजारी शेजारी ठेवले, आणि दोघांच्या वरचा जो विचार दोघांनाही लागू पडतो तो वेगळा काढून सांगितला. ऑसुबेल अशाला तुलनात्मक संघटक म्हणतो. मजकूर पूर्ण अनोळखी असेल तर विवरणात्मक संघटक पुरतो. पण ऐकणाऱ्याकडे जवळची, गोंधळात टाकणारी कल्पना आधीच असेल, तर साम्य आणि भेद उघड मांडावे लागतात. १९६१ मध्ये त्याने आणि फिट्झजेराल्डने अमेरिकन विद्यार्थ्यांना बौद्ध विचारांवरचा उतारा शिकवताना हेच केलं होतं. आधी ख्रिस्ती विचार आणि बौद्ध विचार यांची तुलना मांडली, मग उतारा दिला.

वर्गात मी जे बोलले ते साधारण असं होतं. आठ मिनिटं लागली, आणि फळ्यावर दोन रिकाम्या वह्यांच्या चौकटींखेरीज काही नव्हतं.

“तुम्ही दुकानातून १०० रुपयांची साखर नेली, पैसे दिले नाहीत. दुकानदाराने काय लिहिलं? तुमच्या नावे १००. का? साखरेची किंमत त्याच्या दुकानातून निघाली आणि तुमच्यापाशी पोचली. जिथे पोचली त्याच्या नावावर मांडली. महिन्याने तुम्ही १०० रुपये दिले. आता किंमत तुमच्याकडून निघाली. दुकानदाराने तुमच्या खात्यावर जमा केली. आता बँकेत या. तुम्ही ५,००० रुपये भरले. किंमत कुठून निघाली? तुमच्याकडून. म्हणून बँकेने तिच्या वहीत तुमच्या खात्यावर जमा लिहिलं. पासबुक म्हणजे बँकेच्या वहीतल्या तुमच्या पानाची नक्कल. दुकानदाराला पैसे दिले तेव्हा जमा, बँकेला पैसे दिले तेव्हाही जमा. दोन्हीकडे एकच रीत आहे. आणि दोन्हीकडे वही तुमची नाही.

“आजवर तुम्ही दुसऱ्यांच्या वहीतलं स्वतःचं पान वाचत आलात. आता या वर्षी तुम्ही स्वतःची वही लिहायची आहे. वही बदलली की बाजू बदलते, रीत बदलत नाही. कुठलाही व्यवहार असो, किंमत एका ठिकाणाहून निघते आणि दुसऱ्या ठिकाणी पोचते. जिथे पोचते ते खातं नावे, जिथून निघते ते खातं जमा. निघालेली आणि पोचलेली किंमत एकच असते, म्हणून दोन नोंदी, आणि म्हणून दोन्ही बाजू समान.”

मग त्याच ५,००० रुपयांची नोंद मुलांनी दोन्ही चौकटींत केली. बँकेच्या वहीत रोख खाते नावे, ग्राहकाचे खाते जमा. आपल्या वहीत बँक खाते नावे, रोख खाते जमा. मागच्या बाकावरून एक मुलगा मोठ्याने म्हणाला, “म्हणजे आपल्या वहीत बँक आपली उधारीवाली!” हे वाक्य मी त्याला फळ्यावर लिहायला लावलं.

नियमांकडे उतरताना

तीन नियम मी गाळले नाहीत. ते परीक्षेला लागतात आणि वेगाने काम करायला उपयोगी आहेत. फक्त ते आता वरच्या विचारातून खाली उतरत आले. किंमत माणसापाशी किंवा संस्थेपाशी पोचली की व्यक्तिगत खात्याचा नियम, वस्तूच्या रूपात पोचली की संपत्ती खात्याचा. प्रत्येक नियमापाशी मुलांनी आधी निघणं-पोचणं सांगायचं, मग नियमाचे शब्द. व्यापकातून तपशिलाकडे असं उतरत जाणं हाही ऑसुबेलच्या मांडणीचाच भाग आहे. पहिली दहा मिनिटं सुंदर करून नंतर जुन्याच पद्धतीने नियम उतरवून दिले असते, तर संघटक वाया गेला असता.

‘वही कोणाची’ हा प्रश्न मला वाटला होता त्याहून जास्त उपयोगी पडला. ‘मालकाने ५०,००० रुपये आणून धंदा सुरू केला’ या व्यवहारात भांडवल खाते जमा का, हे पूर्वी मला रेटून सांगावं लागे. आता वही धंद्याची, मालक बाहेरचा माणूस, किंमत त्याच्याकडून निघाली, रोखीपाशी पोचली. घरी नेलेला माल तसाच. किंमत मालाच्या खात्यातून, म्हणजे पुस्तकातल्या खरेदी खात्यातून निघाली आणि मालकापाशी पोचली, म्हणून उचल खाते नावे. त्यात रोख नाही याचं आता कुणाला अडत नव्हतं.

अडलं ते नामधारी खात्यांपाशी, आणि तिथे दोष संघटकाचा होता. ‘भाडे दिले २,००० रुपये.’ रोख निघाली हे कळलं. पण पोचली कुठे? मुलांचं उत्तर: घरमालकाकडे. त्यांच्या विचाराप्रमाणे ते बरोबरच होतं, म्हणून त्यांनी घरमालकाचे खाते नावे लिहिलं. पण भाड्यापोटी महिनाभर जागा वापरून झाली आहे, घरमालक आता आपलं काही देणं लागत नाही. ‘किंमत पोचते’ या चित्रात वापरून संपलेल्या किमतीला जागाच नव्हती. दुसऱ्या तासाला मला त्यात भर घालावी लागली: काही किंमत कुणापाशीही पोचत नाही, ती धंद्याच्या कामी खर्ची पडते, आणि ती कशापायी खर्ची पडली त्या कारणाच्या नावे आपण मांडतो. भाड्यापायी, पगारापायी, जाहिरातीपायी. ‘पायी’ हा शब्द मुलांनी पटकन उचलला. मिळालेल्या कमिशनचं तसंच उलट: रोख आली ती कमिशनपायी, म्हणून कमिशन खाते जमा. ही जोड आधीपासून संघटकात असायला हवी होती. पुढे घसारा आला तेव्हा तिचा फायदा दिसला. कुणी कुणाला काही दिलेलं नसतानाही यंत्रातून किंमत निघाली, झिजेपायी गेली, म्हणून घसारा खाते नावे आणि यंत्र खाते जमा, हे मुलांनी माझ्याआधी सांगितलं.

संघटकाचीही घोकंपट्टी

मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करून गेलेली गोष्ट तिसऱ्या आठवड्यात घडली. एका मुलाच्या वहीच्या पहिल्या पानावर चौकट आखून लिहिलं होतं: ‘चौथा नियम: पोचली नावे, निघाली जमा.’ आणि आतल्या पानावर बँकेचा व्यवहार उलटा होता. विचारलं तर म्हणाला, “मॅडम, बँकेतून पैसे निघाले ना, म्हणून जमा.” व्यवहार भरण्याचा होता, काढण्याचा नव्हता. त्याने ‘बँक’ आणि ‘निघाली’ हे दोन शब्द जोडून टाकले होते. ज्या विचारावर बाकी सगळं टेकवायचं, तो विचारच त्याने सुटा करून पाठ केला होता.

अर्थपूर्ण अध्ययनाला ऑसुबेलच्या मते तीन गोष्टी लागतात. मजकुरात स्वतःचा अर्थ असावा लागतो, शिकणाऱ्यापाशी टेकायला कल्पना असावी लागते, आणि ती जोडणी करण्याची त्याची इच्छा असावी लागते. पहिल्या दोन मी पुरवू शकते. तिसरी त्या मुलापाशी नव्हती, आणि त्याबद्दल मी त्याला दोष देणार नाही. शाळेत दहा वर्षं ज्याचं उत्तर पुस्तकातल्या शब्दांशी जुळलं नाही म्हणून गुण कापले गेले, त्याला शब्दच सुरक्षित वाटतात. आमची ‘एका वाक्यात उत्तरे लिहा’ आणि ‘योग्य शब्द लिहा’ ही प्रश्नांची घडण त्याच सवयीला बळ देते.

मग मी चाचणी बदलली. नियम लिहायला सांगणं बंद केलं. त्याऐवजी एकच व्यवहार दोन वह्यांत लिहायला देते: ‘अ’ने ‘ब’ला ३,००० रुपयांचा माल उधार विकला. ‘अ’च्या वहीत काय, ‘ब’च्या वहीत काय? पाठ केलेल्या मुलाची पहिली नोंद बरोबर येते आणि दुसरीत तो पहिलीचीच नक्कल करतो किंवा डोळे मिटून बाजू उलटतो: विक्री खाते नावे, ‘ब’चे खाते जमा. समजलेला मुलगा लिहितो: खरेदी खाते नावे, ‘अ’चे खाते जमा. खात्यांची नावंच बदलतात, हे ज्याला वही बदलल्याचं भान आहे त्यालाच सुचतं. पाठांतर आणि समज यांना वेगळं करणारा इतका स्वस्त प्रश्न मला दुसरा सापडलेला नाही.

सगळ्यांना सारखा फायदा झाला नाही. वर्गात दोन मुलं दुकानदारांच्या घरची होती. त्यांना माझ्या आठ मिनिटांत नवं काही मिळालं नाही, त्यांची वही घरीच तयार होती. संशोधनातही असंच काहीसं दिसतं. १९७५ मध्ये बार्न्स आणि क्लॉसन यांनी अग्रत संघटकावरचे ३२ अभ्यास तपासले, त्यांपैकी १२ मध्ये फायदा दिसला, २० मध्ये दिसला नाही. १९७९ मध्ये रिचर्ड मेयरने याची उलगड अशी केली की मजकूर अनोळखी असेल, शिकणाऱ्यापाशी स्वतःची चौकट नसेल आणि चाचणी शब्दांची नव्हे तर नव्या परिस्थितीत वापरण्याची असेल, तेव्हाच संघटकाचा गुण दिसतो. माझ्या वर्गातही नियम म्हणून दाखवण्यात दोन्ही वर्षांची मुलं सारखीच होती. केवळ तोंडी घेऊन थांबले असते तर बदल काहीच झाला नाही असं मला वाटलं असतं.

खरी कसोटी काही महिन्यांनी लागली, बँक जुळवणी पत्रकाच्या धड्याला. रोख पुस्तकातली नावे शिल्लक पासबुकात जमा शिल्लक म्हणून दिसते, हे वाक्य पहिल्या वर्षी मी फळ्यावर लिहून चौकटीत घातलं होतं, मुलांनी ते पाठ केलं होतं, आणि जमा-नावे यांच्या जागा अखेरपर्यंत आपसात बदलत राहिल्या. दुसऱ्या वर्षी मी ते वाक्य लिहिलं नाही. एक रोख पुस्तक आणि एक पासबुक शेजारी ठेवलं आणि विचारलं की आकडा एक आणि बाजू दोन, असं का? सप्टेंबरपासून गप्प बसणारी एक मुलगी म्हणाली, “डावीकडची वही आपली आहे. उजवीकडची बँकेची.” बँकेने परस्पर कापून घेतलेले शुल्क आणि अजून न वटलेला धनादेश यांपैकी कुठला कुणाच्या वहीत आधी लागतो, हे त्यानंतर बहुतेकांनी आपलं आपण मांडलं. ‘चौथा नियम’ लिहिणारा मुलगा त्या धड्यातही चुकत होता. त्याच्याबरोबर मी दुपारच्या सुट्टीत उधारीची वही घेऊन बसले, त्याच्या गल्लीतल्या दुकानाची, खरीखुरी, नावं झाकून. तीन दुपारी लागल्या.

पॅसिओलीला मी काढून टाकलेलं नाही. तो आता रोजकीर्द आणि खतावणी दोन्ही झाल्यावर येतो. तेव्हा मुलं त्याची गोष्ट वेगळ्या कानांनी ऐकतात. यंदा एकीने विचारलं की व्हेनिसच्या व्यापाऱ्याचा माल जहाजावर असताना तो कुणाच्या नावे मांडत असतील. त्यावर पुढचा अर्धा तास गेला.